संगीताच्या बाईंच्या निरोप समारंभासाठी विद्यार्थ्याचे मनोगत : सल्ला हवा आहे

नववी_ब
नमस्कार. आमच्या शाळेच्या संगीताच्या बाई या महिन्याअखेरीस सेवानिवृत्त होत आहेत आणि निरोप समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने मनोगत व्यक्त करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी चार मिनिटे दिली आहेत. सुरुवात मी अशी लिहिली आहे : ‘गुरूविना ज्ञान नाही असे म्हणतात. आमच्या बाई म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर. त्यांनी आम्हाला केवळ संगीत नव्हे, तर जगणे शिकवले.’ यापुढे काय लिहावे हे मला सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माधुरी_ठाणे
सुरुवात छान झाली आहे. शेवटी एखादी चारोळी घातल्यास टाळ्या नक्की मिळतील. मानपत्राचा मजकूरही तुम्हालाच लिहायचा आहे का? तसे असल्यास तो जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून चौकटीत बसवावा. आमच्या संस्थेत गेल्या वर्षी एका शिपाईमामांना असेच मानपत्र दिले होते आणि त्यांनी ते घरी दर्शनी भिंतीवर लावले आहे.

नववी_ब
मानपत्र शाळेकडूनच दिले जाणार आहे, मला फक्त बोलायचे आहे.

खर्जाचा_षड्ज
मी अनेक वर्षे शाळेत संगीत शिकवले असून असे समारंभ व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. आपल्या तीन वाक्यांत बाईंच्या जागी भूगोलाच्या सरांना बसवून पाहावे. एकच शब्द बदलावा लागेल. निरोप घेणारी व्यक्ती ‘अथांग सागर’ त्या दिवशी चार-पाच वक्त्यांकडून ऐकते आणि नम्रपणे मान हलवते. तिने वर्गात नेमके काय केले हे मात्र विद्यार्थ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, कारण मुख्याध्यापक किंवा संस्थेचे पदाधिकारी त्या तासाला बसलेले नसतात. म्हणून दोन प्रश्न विचारतो. बाईंनी आपल्यासाठी असे काय केले, जे दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला करताच आले नसते? आणि त्या वेळी हार्मोनियम कोणत्या पट्टीत होती?

नववी_ब
दुसऱ्या प्रश्नामुळे बरेच आठवले. सातवीपर्यंत मी समूहगीतात पुढच्या रांगेत असे. आमचे गाणे काळी पाचमध्ये होते. आठवीत माझा आवाज फुटला, तेव्हा वरचा षड्ज लागेना आणि एक सप्तक खाली उतरून गावे तर तेथे नुसती घरघर येई. मी नुसते ओठ हलवू लागलो आणि ते बाईंच्या दुसऱ्याच तासाला लक्षात आले. त्यांनी मला गटातून काढले नाही, हार्मोनियमच्या शेजारी बसवून षड्ज आणि पंचम धरून ठेवायला सांगितले. मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडून काळी एकमध्ये भूप म्हणवून घेत, पण तोही मंद्र धैवतापासून मध्य पंचमापर्यंतच. त्याच्या वर जाऊ देत नसत. आता मी पुन्हा गटात गातो, मात्र मागच्या रांगेत.

रसिक_कोल्हापूर
फारच सुंदर! मग मनोगताचा शेवट भैरवीच्या छोट्या आलापाने करावा. मैफलीची सांगता भैरवीने होते, त्यामुळे निरोपाला तोच राग शोभेल.

खर्जाचा_षड्ज
मैफलीविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे, पण ही मैफल नाही. या मुलानंतर पाहुणे बोलतील, अध्यक्ष बोलतील आणि शेवटी बाई स्वतः उत्तर देतील, म्हणजे सांगता अजून बरीच दूर असेल. शिवाय भैरवीत रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल. नुकत्याच स्थिरावलेल्या आवाजाने ते माइकवर, साथीशिवाय लावणे जोखमीचे आहे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत आणि उरलेले पाचही स्वर शुद्ध आहेत. त्यामुळे बाईंनी तो निवडला आणि वरची मर्यादा पंचमावर ठेवली, यात त्यांची पारख दिसते. आवाज फुटण्याच्या काळात मुलगा वरचे स्वर ओरडून गाऊ लागला की घसा लवकर थकतो, आणि कायमचा गप्प बसला तर पुढे गाण्याचे धाडस करत नाही. बाईंनी दोन्ही टाळले. मनोगत यावरच उभे राहू द्यावे.

आता मांडणीविषयी. व्यासपीठावर थांबत थांबत बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून साडेतीनशे शब्दांवर थांबावे. उरलेला वेळ टाळ्यांत आणि माइक खाली-वर करण्यात जातो. सूत्रसंचालकांनी सर्वांची नावे घेतलेली असतात, तेव्हा संबोधन एका वाक्यात उरकावे. पहिला मोठा भाग सभागृहाला उद्देशून असावा आणि त्यात बाईंचा उल्लेख ‘बाईंनी’ असा यावा. शेवटच्या चार-पाच वाक्यांत त्यांच्याकडे वळून थेट त्यांच्याशी बोलावे. उदाहरणादाखल मधला भाग असा होऊ शकेल :

‘आठवीत माझा आवाज फुटला. काळी पाचमध्ये मला वर पोहोचता येत नव्हते आणि खाली उतरताही येत नव्हते, म्हणून मी गाण्याचे नाटक करू लागलो. चाळीस मुलांच्या गाण्यात एक मुलगा गात नाही हे बाईंना ऐकू आले. त्यांनी कारण विचारले नाही. हार्मोनियमजवळ जागा करून दिली आणि म्हणाल्या, तू सा धर, बाकीचे तुझ्यावर गातील.’

शेवटचे वाक्य माझे आहे. बाई प्रत्यक्षात जे म्हणाल्या असतील तेच तेथे घालावे, कारण त्या समोर बसून ऐकणार आहेत. मुलांचा आकडाही खरा असावा.

पालक_पनवेल
मला एक शंका आहे. आवाज फुटल्याचा उल्लेख भर सभेत केला तर मागे बसलेली मुले हसतील आणि पुढे महिनाभर याला चिडवतील. माझ्या मुलाच्या बाबतीत असे घडले आहे.

खर्जाचा_षड्ज
हसतील, हे खरे आहे. म्हणून ते वाक्य लहान आणि सरळ ठेवले आहे. त्यानंतर एक श्वास थांबावे, हसू ओसरू द्यावे आणि मग पुढे जावे. तरीही संकोच वाटत असेल तर ‘आवाज बदलू लागला’ असे म्हटल्यानेही अर्थ पोहोचतो. हा निर्णय मुलानेच घ्यावा.

नववी_ब
मी ‘फुटला’ असेच म्हणेन, वर्गातल्या निम्म्या मुलांचे तेच झाले आहे. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘इथे बस आणि भाता सोडू नकोस.’ तेच वाक्य घालतो. शेवटी भूपाच्या दोन ओळी गाव्यात का?

रसिक_कोल्हापूर
अवश्य गाव्यात! संगीताच्या शिक्षिकेला नुसत्या शब्दांनी निरोप कसा द्यायचा?

खर्जाचा_षड्ज
माझे मत वेगळे आहे. चार मिनिटे बोलल्यावर कानातला षड्ज हरवतो आणि बोलण्याच्या उंचीवरून मुलगा भलत्याच पट्टीत सुरुवात करतो. समोर बसलेल्या बाईंना ते पहिल्या स्वरालाच कळेल आणि त्यांचे लक्ष मजकुरावरून उडून त्याच्या घशाकडे जाईल. गायचेच असेल तर एखाद्या मित्राला हार्मोनियमवर बसवावे. शेवटच्या परिच्छेदाच्या सुरुवातीपासून त्याने काळी एकचा षड्ज अगदी हलका धरून ठेवावा, म्हणजे बोलणे त्यावरच संपेल. सरावाच्या वेळी संपूर्ण मनोगत बोलून झाल्यानंतरच त्या ओळी म्हणून पाहाव्यात. नुसत्या ओळी म्हणून काही कळणार नाही.

माधुरी_ठाणे
बाईंनाच त्या वेळी हार्मोनियमवर बसायची विनंती केली तर?

पालक_पनवेल
सत्कारमूर्तीला स्वतःच्याच समारंभात साथीला बसवणे मला तरी योग्य वाटत नाही.

खर्जाचा_षड्ज
मला मात्र कोणी तसे विचारले असते तर मी आनंदाने बसलो असतो. परंतु ते आयत्या वेळी विचारू नये. मुख्याध्यापकांच्या कानावर आधी घालावे, कारण व्यासपीठावर हार्मोनियम आणि दुसरा माइक ठेवावा लागेल.