उत्तर: दोन हातांचं बीपी वेगळं

>> बहिणीच्या उजव्या हातात १५०, डाव्यात ९०; डावी नाडी लागतच नाही. मशीन बिघडलंय का?

मशीनवर खापर नको. तरुण बाईत इतका फरक म्हणजे ताकायासू आर्टेरायटिसची शंका. महाधमनीच्या फाट्यांना सूज येते, भिंत जाड होऊन वाट अरुंद होते. ९० हा आकडा अडथळ्यापलीकडचा. त्यावर विसंबून बीपीची गोळी बंद केली तर घात. खरा १५० किंवा त्याहून जास्त, म्हणून पायातही मोजायला सांगा. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत अडथळा दिसतो.

सूज सक्रिय असेल तर आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग काही महिन्यांत हळूहळू कमी. जोडीला बहुधा प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट (गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा, ते चालत नाही). स्टेंटची घाई नको, सूज शमण्याआधी टाकलेला पुन्हा बुजण्याची भीती जास्त.