लोन तीन लाखांचं, खात्यात पैसे कमी: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची: काल शेजारचा मुलगा घाबरून आला. सातपूरला कामाला आहे, बहिणीच्या लग्नासाठी पर्सनल लोन काढलं. मंजूर ३,००,००० आणि मेसेज आला २,८४,६६० जमा. हॉलवाल्याला तारीख दिलेली, आता उरलेले कुठून आणायचे म्हणून पोरगं रडवेलं झालेलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझंही असंच झालं होतं, तेव्हा कागद समजावून सांगणारं कोणी नव्हतं, ते सगळं परत आठवलं. आम्ही त्याची कागदं घेऊन बसलो. प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे ६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, आणि विम्याचा हप्ता टॅक्ससकट ८,२६०. झाले १५,३४०. तुमचं काय झालं होतं ते लिहा.

सिडकोवाला: माझं पण सेम. जीएसटी पूर्ण लोनवर लावतात ना १८ टक्के? म्हणूनच एवढे कापले जातात

नाशिकरोड_काका: नाही हो, पूर्ण लोनवर लावला असता तर तीन लाखांवर ५४,००० गेले असते. जीएसटी फक्त फीवर. व्याजावर पण नाही. मी कर्ज विभागात होतो, निवृत्त झालो. लोकांचं लक्ष कापलेल्या रकमेकडे जातं पण खरी गोम पुढे आहे, व्याज पूर्ण तीन लाखांवर लागतं. दर किती आणि मुदत किती आहे मुलाची?

गोदाकाठची: १४ टक्के, तीन वर्षं. हप्ता १०,२५३.

नाशिकरोड_काका: मग बघा, हातात आले २,८४,६६० आणि हप्ता भरायचा तीन लाखांचा. हिशोब केला तर त्याला हे कर्ज १४ ने नाही, पावणेअठराच्या आसपास पडतंय. हाच आकडा एपीआर म्हणून की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये छापलेला असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने तो कागद सक्तीचा केलाय, त्यात फी, विमा सगळं धरावं लागतं. त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी: आमचं पीककर्ज होतं, असं काही कापलं नव्हतं. यंदा पावसाने घडच कमी आलेत, कर्ज फेडायचं कसं तेच कळेना

पंचवटीची_मावशी: दादा काळजी घ्या, आमच्या भावाकडेही तीच गत आहे

इंदिरानगर_स्मिता: विम्यावरचा जीएसटी आता शून्य झालाय ना सप्टेंबर २०२५ पासून? मग टॅक्स कसा घेतला त्याच्याकडून, परत मागा

नाशिकरोड_काका: स्मिताताई तो वैयक्तिक पॉलिसीला शून्य झाला. लोनसोबतचा विमा बहुतेक वेळा ग्रुप पॉलिसीतला असतो, त्याला तशी सूट नाही. सर्टिफिकेटवर मास्टर पॉलिसी नंबर दिसला की ग्रुप समजा.

सिडकोवाला: पण विमा तर कंपल्सरी असतो, मला शाखेत तसंच सांगितलं, नाहीतर फाइल पुढे जाणार नाही म्हणे

गोदाकाठची: मुलालाही तेच सांगितलं! फोनवर ओटीपी मागितला आणि तो कशाचा हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. याचा मला खरंच राग येतो, गरजेच्या वेळी माणूस प्रश्न विचारत नाही हे त्यांना चांगलं माहीत असतं.

नाशिकरोड_काका: पर्सनल लोनला विमा घ्यायलाच हवा असा नियम नाही. पण घरात कमावणारा एकच असेल तर कर्जाइतका विमा असणं वाईट नाही, फक्त आधी विचारून घ्यावा. नको असेल तर पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांची फ्री लुक मुदत बघा, विमा कंपनीला ईमेलने लेखी कळवा, शाखेत तोंडी सांगून ठेवू नका. थोडी कपात होऊन प्रीमियम परत येतो. फी मात्र सहसा परत येत नाही.

कॉलेजरोड_अमृता: मी केलंय हे. पैसे माझ्या बचत खात्यात न येता लोन खात्यात वळते झाले, मुद्दल थोडं कमी झालं पण हप्ता तसाच राहिला, शेवटचे हप्ते कमी होतील म्हणाले. अजून स्टेटमेंट पाहतेय, नीट कळलेलं नाही. ऑफिसमधून लिहितेय, संध्याकाळी बघते

इंदिरानगर_स्मिता: अमृता तू लेखानगरला राहायचीस ना? तिकडच्या वाण्याकडे मेतकूट मस्त मिळायचं, अजून मिळतं का

कॉलेजरोड_अमृता: हो अगं!! इनबॉक्स कर

गोदाकाठची: काका, त्याला पूर्ण तीन लाखच हवे होते, मग जास्त रकमेचा अर्ज करायला हवा होता का?

नाशिकरोड_काका: विमा वगळला तर फी आणि जीएसटी मिळून २.३६ टक्के जातात, म्हणजे साधारण ३,०७,३०० मंजूर झाले तर हातात तीन लाख येतात. पण महिन्याच्या मधेच पैसे दिले तर काही ठिकाणी पहिल्या हप्त्यापर्यंतचं व्याजही आधीच कापतात, ते विचारून घ्या. आधी पॉलिसीचा कागद कधी आला ती तारीख बघा.

गोदाकाठची: ईमेलवर आलाय, मागच्या आठवड्यात. आज रात्री त्याच्याकडून विमा कंपनीला मेल करून घेते. बाकीच्यांनी लिहा, फी परत मिळालेलं कोणी आहे का?