दोन किलो चिकनचा रस्सा: पातेलं केवढं घ्यावं, वेळ किती धरावा?

सायली_धायरी
आखाडाच्या शेवटच्या रविवारी दहा-बारा माणसं जेवायला येतायत. माझा रस्सा नेहमी एक किलो चिकनचा असतो. त्यात चार मध्यम कांदे, सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि दीड लिटर पाणी. पातेलं 24 सेंटीमीटर रुंद आणि 13 खोल. कांदा तांबूस व्हायला बारा मिनिटं, उकळी यायला साधारण दहा आणि मग झाकण न ठेवता मंद आचेवर अर्धा तास. आता दोन किलो करायचंय. सगळं सरळ दुप्पट करू का? वेळही? नवीन भांडं घ्यायला रविवार पेठेत जाणारच आहे, तर केवढं आणू तेही सांगा.

निनाद_के
वेळ दुप्पट धरा, सोपा हिशोब. गॅस तोच आणि माल दुप्पट, तर तासाचं काम दोन तासांवर जातं. नाहीतर पाच लिटरच्या कुकरला लावा आणि दोनाच्या चार शिट्ट्या करा.

मेसवाली_काकू
सायली, निनाद म्हणतो ते अर्ध्या रस्त्यापर्यंत बरोबर आहे. कांदा परतणं आणि उकळी आणणं यांना खरंच जवळपास दुप्पट वेळ लागतो, कारण तेवढ्याच आचेला दुप्पट माल तापवायचा असतो. पण एकदा उकळी आली की हिशोब बदलतो. उकळत्या रश्श्याचं तापमान एक किलोला जेवढं तेवढंच दोन किलोला. चिकनचे तुकडे तुझ्या नेहमीच्याच आकाराचे असणार, त्यामुळे ते शिजायलाही तेवढाच वेळ घेणार. म्हणून उकळीनंतर अर्धा तासच धर, फार तर पाच मिनिटं वर. तासभर उकळलंस तर ब्रॉयलरचं मांस हाडावरून सुटून रश्श्यात दोरे दोरे होतील. घड्याळापेक्षा तंगडीचा सांधा बघ. तो सहज फिरला आणि हाडाजवळ गुलाबी रस दिसला नाही, की झालं.

उकळीचा वेळ वाचवायचा असेल तर दुसऱ्या शेगडीवर पाणी गरम करून घाल. आणि चिकन फ्रिजमधून काढून थेट टाकू नकोस, दोन किलो गार मांसाने परतलेला मसाला एकदम थंड पडतो. अर्धा तास आधी बाहेर काढून झाकून ठेव, पावसाळी हवा आहे म्हणून त्याहून जास्त वेळ नको.

आता भांडं. तुझं पातेलं काठोकाठ भरलं तर पावणेसहा लिटरच्या आसपास मावतं. दोन किलो चिकन, वाटण आणि तीन लिटर पाणी मिळून जवळपास तेवढंच होतं. म्हणजे उकळीला जागाच उरत नाही. 28 सेंटीमीटर रुंद, 15 खोल आणि जाड बुडाचं घे. त्यात नऊ लिटर मावतं, रस्सा तळापासून नऊ-साडेनऊ सेंटीमीटरपर्यंत येईल आणि वर चांगली तीन बोटं हात फिरवायला राहतील. त्याहून रुंद घरच्या शेगडीवर नको. ज्योत मधेच लागते, कडेचे तुकडे मागे राहतात.

रोहिणी_२
आमच्या सोसायटीत मुलांसाठी टोमॅटो सूप करायचंय, वीस कप. त्यालाही रुंद भांडं लागेल का? आणि क्रीमचं काय करायचं?

मेसवाली_काकू
रोहिणीताई, सूप आटवायचं नसतं, म्हणून तुम्हाला उलट खोल भांडं सोयीचं. क्रीम आणि कॉर्नफ्लोअर मात्र तयार होणाऱ्या सुपाच्या प्रमाणात वाढवा आणि शेवटी घाला. आधी घातलं तर एवढ्या मोठ्या घाण्यात बुडाशी बसतं.

सायली_धायरी
काकू, पाण्याचं सांगा ना. तीन लिटर घालू का?

मेसवाली_काकू
तिथेच सगळ्यांचा रस्सा पातळ होतो. पाणी वाफ होऊन जातं ते वरच्या उघड्या पृष्ठभागावरून, भांड्यात किती आहे यावरून नव्हे. तुझ्या रश्श्यातून अर्ध्या तासात, समज, 400 मिलिलिटर उडत असेल. 28 चं पातेलं 24 च्या पातेल्यापेक्षा पृष्ठभागाने दुप्पट नाही, फक्त सव्वापट-दीडपटच्या मधे आहे. मग तेवढ्याच वेळात साधारण साडेपाचशे मिलिलिटर उडेल. तू मात्र दुप्पट पाणी घालताना आठशे उडेल असं धरून घालतेस. पाव लिटर जास्त राहतं आणि रश्श्याला ती घट्टसर चव येत नाही.

म्हणून अडीच लिटर घाल आणि गरम पाण्याची पातेली बाजूला ठेव. शेवटच्या दहा मिनिटांत दाटपणा बघून वाढव. कमी पडलेलं पाणी वाढवता येतं. जास्त झालेलं आटवायला बसलीस की चिकन शिजून जास्त होतं. तशी वेळ आलीच तर तुकडे बाहेर काढून नुसता रस्सा आटव. तुझं स्वतःचं मोजमाप हवं असेल तर पुढच्या वेळी नेहमीचा रस्सा करताना पळीचा दांडा उभा बुडवून सुरुवातीची आणि शेवटची खूण बघ. तुझ्या पातेल्यात एक सेंटीमीटर उतरला तर साडेचारशे मिलिलिटर गेलं.

आणि निनाद, कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. पाच लिटरच्या कुकरला म्हणजे सव्वातीन लिटर. यात दोन किलोचा रस्सा बसत नाही. मोठा कुकर असला तरी शिट्ट्या तेवढ्याच, पहिली यायला तेवढी उशिरा येईल.

निनाद_के
मान्य, कुकरचं पटलं. पण कांद्याला दुप्पट वेळ लागतो हे मी बरोबर सांगितलं ना?

मेसवाली_काकू
हो. पण आठ कांदे एकदम टाकले की पाणी सुटून ते तांबूस होण्याऐवजी वाफेत शिजत राहतात, आणि आपण आच वाढवतो तेव्हा कडेचे करपतात. मोठ्या कढईत पसरून परता किंवा दोन खेपांत. एकूण वेळ तेवढाच लागेल, रंग मात्र एकसारखा येईल.

देशपांडे_काका
बुडाचं कुणी बोललं नाही. खोबऱ्याचं वाटण खाली बसतं. दर चार-पाच मिनिटांनी पळी तळाला लावून फिरवा. खरखर लागली आणि जळका वास आला की खरवडू नका, वरचा रस्सा अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. आणि मसाला, तिखट दुप्पट घालू नका, दीडपटच पुरतं. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या तसंच.

मेसवाली_काकू
काका, मीठ तर मी तयार रश्श्याच्या अंदाजानेच घालते, दुप्पट रश्श्याला दुप्पट, पण शेवटी चव घेऊन. तिखटाबद्दल मला अजून ठाम सांगता येणार नाही. मी पावणेदोनपट घालून सुरुवात करते. माझ्या मावशी पूर्ण दुप्पट घालायच्या आणि त्यांचा रस्सा कधी जहाल झाला नाही. मिरची पूड कोणती, यावर बरंच अवलंबून असावं.

रोहिणी_२
आणि उरलेला रस्सा? आम्ही रात्री पातेल्यातच झाकून ठेवतो.

मेसवाली_काकू
एक किलोचा असता तर तो लवकर निवतो, पाच लिटरचा मधून तासन्‌तास कोमट राहतो. जेवणं झाली की पसरट डब्यांमध्ये काढा, डबे थोडा वेळ गार पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी खळखळून उकळूनच वाढा.

सायली_धायरी
28 चं जाड बुडाचं आणते. अडीच लिटर पाणी आणि कांदा दोन खेपांत. तिखटाचं मात्र काकांचं करू का काकूंचं, ठरत नाहीये. कुणी बेडगी वापरून दोन किलोला किती घालता?