ॲडमिशनची फाइल : काउंटरवर काय दाखवलं, काय देऊन आलात?

मधुरा, नौपाडा
पुतणीला कॅप राउंडमध्ये नवी मुंबईतलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळालंय. ओबीसी, दहावी-बारावी स्टेट बोर्ड, जन्म ठाण्यातलाच. कॉलेजच्या यादीत ‘ओरिजिनल्स आणि दोन सेट झेरॉक्स’ एवढंच आहे. ओरिजिनल नुसते दाखवायचे की देऊन यायचे, याचा पत्ता नाही. तुमच्या घरी फाइल कशी लावली होती आणि काउंटरने काय ठेवून घेतलं, जरा सविस्तर लिहा.

सानपाड्याचे काका
मी बरीच वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, तर तिकडून सांगतो. स्टेट बोर्डाच्या मुलाचा मूळ कागद आम्ही एकच ठेवायचो, एलसी. बाकी सगळं दाखवायचं. क्लार्क एका हातात ओरिजिनल, एका हातात झेरॉक्स धरून नाव, सीट नंबर, मार्क जुळवतो, झेरॉक्सवर शिक्का मारतो आणि ओरिजिनल परत सरकवतो.

म्हणून दोन फाइली करा. ओरिजिनल पारदर्शक खिशांच्या फाइलमध्ये, झेरॉक्स साध्या स्प्रिंग फाइलमध्ये, दोन्हींचा क्रम एकच. वर अलॉटमेंट लेटर आणि सीट ॲक्सेप्टन्सची पावती, मग सीईटीचं स्कोअरकार्ड, दहावीची मार्कशीट, बारावीची, एलसी, त्यानंतर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेअर, शेवटी आधार आणि फोटो. कॉलेजने स्वतःचा क्रम दिला असेल तर तोच लावा. झेरॉक्सवर मुलीची सही घरूनच करून न्या. ओरिजिनलला पंच नको, स्टेपलर तर नकोच.

घणसोली_आई
डोमिसाइल राहिलं की तुमच्या यादीत! ते लागतंच. आम्ही ते काढायला सेतूत किती खेपा घातल्या, विचारू नका.

सानपाड्याचे काका
ताई, असलं तर जरूर लावा. पण दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर जन्मस्थळ आणि ‘भारतीय’ असं लिहिलेली एलसी चालते. बाहेर जन्मलेल्यांना डोमिसाइल हवं. मधुराताई, एलसीवर जन्मगावापुढे नुसतं ‘ठाणे’ आहे की तालुका, जिल्हा, राज्यही आहे, हे आजच बघा. अर्धवट असेल तर जन्मदाखला सोबत ठेवा.

आणि हाच कागद तुमच्या हातून जाणार आहे. देण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढा, मागे मजकूर असेल तर पाठपोट, आणि रंगीत स्कॅन करून ठेवा. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपला, पासपोर्टला पुढे प्रत लागते. मूळ एलसी कॉलेजच्या रेकॉर्डला राहते, कोर्स संपला की कॉलेज आपली एलसी देतं.

कळवेकर
अकरावीला पण हेच का? धाकट्याची ॲडमिशन आहे.

मधुरा, नौपाडा
अकरावीचा वेगळा धागा काढू या का? इथे सगळं मिसळेल.

रोहन_नेरूळ
मी सीबीएसईचा. एलसीबरोबर मायग्रेशनही ओरिजिनल घेतलं. बाकी परत. शाळेने एलसीऐवजी टीसी दिली होती, तिच्यावर जन्मस्थळच नव्हतं, त्यामुळे जन्मदाखला काढून दाखवावा लागला.

विद्या, कोपरखैरणे
आमच्याकडे नॉन-क्रीमी लेअरवर गाडी अडली. दाखला खरा, पण मुदत संपलेली. 2025-26 च्या प्रवेशाला तो 31 मार्च 2026 पर्यंत वैध असलेला हवा होता. वरची तारीख काढल्याची असते, मुदत खाली मजकुरात असते. आपण वरची बघून निश्चिंत होतो. शिवाय आपले सरकारवरून काढलेल्या दाखल्याला वेगळं ओरिजिनल नसतं, डिजिटल सहीचा प्रिंट हाच ओरिजिनल. एक रंगीत प्रिंट मूळ कागदांच्या फाइलमध्ये, साधे दोन झेरॉक्सच्या.

घणसोली_आई
आणि जातीचा दाखला मुलीच्याच नावाचा हवा ना? आमच्या शेजाऱ्यांनी वडिलांचा नेला होता.

सानपाड्याचे काका
मुलीच्याच नावाचा. व्हॅलिडिटीही तिचीच.

सुहास, घोडबंदर
आमचा प्रश्न अजून लटकलेलाच आहे. कॉलेजने एलसीबरोबर बारावीची मूळ मार्कशीटही ठेवून घेतली, ‘युनिव्हर्सिटीकडून एलिजिबिलिटी आली की देऊ’ म्हणाले. मुलाला दुसरीकडेही फॉर्म भरायचाय.

सानपाड्याचे काका
मूळ प्रमाणपत्रं तपासून तिथेच परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीने ऑक्टोबर 2018 मध्ये काढलेलं आहे. तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, अर्जात मार्कशीटचा नंबर लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

सुहास, घोडबंदर
अर्ज दिला, शिक्काही घेतला. एलिजिबिलिटीसाठी खरंच मूळ प्रत पाठवावी लागते का, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

मधुरा, नौपाडा
एलसी काढून पाहिली. जन्मस्थळ नुसतं ‘ठाणे’च आहे. जन्मदाखला मूळ आणि दोन झेरॉक्स, एलसीच्या लगेच मागे लावते.