शब्दचर्चा : 'थकबाकी', 'उधारी' की 'येणं'?

मुग्धा_स
एका अडचणीत सापडले आहे. किराणा दुकानदारांसाठी उधारी लिहायचं एक मोबाइल ॲप आहे. त्याचा इंग्रजी निरोप मराठीत करून द्यायचा आहे, सातारा-सांगली भागातल्या अनोळखी दुकानदारांना पाठवण्यासाठी. मी केलेला पहिला मसुदा असा :

'प्रिय ग्राहक, आपली थकबाकी आता कधीच चुकणार नाही! विनामूल्य प्रात्यक्षिकासाठी आजच नोंदणी करा.'

आमच्या गल्लीतल्या दुकानदारकाकांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला आणि विचारलं, "कुठल्या बँकेचं आहे? माझं तर कुणाचं काही थकलेलं नाही." मला म्हणायचं होतं, गिऱ्हाइकांनी तुमचे थकवलेले पैसे. 'थकबाकी'ला दुसरा शब्द सुचवा. 'प्रात्यक्षिक'ही खटकतंय.

वारणाकाठ
काका बरोबर वाचत होते. थकबाकी हा घेणेकऱ्याचा शब्द आहे. वीजबिलावर, पतसंस्थेच्या नोटिशीत, घरपट्टीच्या पावतीवर आपण तो वाचतो आणि प्रत्येक वेळी पैसे आपणच द्यायचे असतात. म्हणून 'आपली थकबाकी' म्हटलं की दुकानदाराला वाटणार, मी कुणाचं तरी देणं लागतो.

त्यात 'चुकणार नाही' तर फारच घातक. देणं चुकतं करणे म्हणजे फेडणे. तुमची थकबाकी कधीच चुकणार नाही, म्हणजे तुम्ही जन्मभर कर्जात राहणार, असाही अर्थ लागतो.

आमचं पेठवडगावला भुसार दुकान होतं. वडील संध्याकाळी गल्ला मोजून झाला की वही उघडायचे आणि म्हणायचे, "पाटलांकडं किती येणं झालं बघ." येणं आणि देणं, दोनच शब्द. पैसा कुठल्या बाजूनं कुठं जाणार ते त्यात आपोआप कळतं. 'उधारी'त ते कळत नाही, कारण दुकानदार स्वतःही होलसेलवाल्याकडून उधारीवर माल उचलतो. नुसतं 'तुमची उधारी' लिहिलंत तर पुन्हा तोच घोळ. 'गिऱ्हाइकांकडची उधारी' लिहा किंवा सरळ 'तुमचं येणं'.

अनुस्वार
'थकबाकी' हा चांगला, रुळलेला मराठी शब्द आहे. बाजारात कुणाला कळत नाही म्हणून तो टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा तेही लोकांना जड वाटले असतील. आज कुणाला वाटतात? प्रात्यक्षिक हा शब्द शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. तो वापरा, डेमो नको.

जुनी_वही
थकबाकीतली 'बाकी' अरबी आहे, तेव्हा शुद्धतेचा मुद्दा तिथे चालत नाही. आणि उधारी हा शब्द फारसीतून आलेला आहे.

वारणाकाठ
'बाकी'चं बरोबर, 'उधारी'चं नाही. उधार हा संस्कृत 'उद्धार'पासून. तुम्हाला बहुतेक 'वसूल' आठवत असेल, तो अरबीतून फारसीमार्गे आलेला.

जुनी_वही
मान्य. पण फुकट हा 'फुंकणे'पासून आला असावा, असा माझा आपला अंदाज आहे. फुंकर मारली की उडून जाईल ते फुकट.

पदर_आणि_तराजू
मी स्वतः जनरल स्टोअर चालवते, अकरा वर्षं झाली. शब्द कुठून आला याच्याशी मला देणंघेणं नाही. असे निरोप मला रोज येतात आणि निम्म्यांची सुरुवात 'प्रिय सर' किंवा 'शेठ' अशी असते. तिथेच मी वाचायचं थांबवते, कारण त्याला दुकान कुणाचं तेसुद्धा माहीत नाही हे कळतं. 'प्रिय ग्राहक' तर त्याहून विचित्र. दुकानात उभी मी, ग्राहक समोरचा. मी तुमच्याकडून अजून काही घेतलंही नाही, मग ग्राहक कधी झाले? नुसतं 'नमस्कार' लिहा आणि दुकानाचं नाव घाला. नाव पाटीवर असतंच.

दुसरं, 'आपली' नको, 'तुमची' लिहा. 'आपली वही आता मोबाइलवर' म्हणजे माझी वही की तुमची-माझी मिळून? माझी वही मी कुणाला दाखवत नाही. कुणाच्या घरी किती थकलंय ते त्यात असतं.

मुग्धा_स
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. 'विनामूल्य'चं काय करू? मोफत की फुकट?

पदर_आणि_तराजू
फुकट म्हणू नका. फुकट म्हटलं की पहिला प्रश्न, नंतर किती पडणार? मोफतलाही तोच. जे असेल ते लिहा : पहिले तीन महिने पैसे नाहीत, पुढे महिन्याला इतके.

वऱ्हाडी_ठेचा
मलाही असे निरोप येतात, कर्ज मंजूर झालंय म्हणून. मी कुठलं कर्ज मागितलंच नाही भाऊ. नंबर ब्लॉक केला तरी दुसऱ्या नंबरावरून येतात. यावर तक्रार कुठे करायची?

अनुस्वार
तो वेगळा विषय आहे. मुग्धाताई, प्रात्यक्षिक ठेवा. दुकानदारांना कमी लेखू नका.

वारणाकाठ
कमी लेखायचा प्रश्नच नाही. मी अशा मोहिमेचं काम केलंय, म्हणून हिशेबाचं सांगतो. देवनागरी एसएमएसमध्ये एका निरोपाला ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीला १६०. आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'प्रात्यक्षिक' हा डोळ्याला चार अक्षरांचा शब्द १२ जागा खातो, 'दाखवतो' फक्त सहा. 'विनामूल्य प्रात्यक्षिकासाठी' एवढ्यातच ७० पैकी २७ संपतात. त्यापेक्षा हे बघा :

'उधारीची वही मोबाइलवर. दुकानात येऊन दाखवू. कधी येऊ?'

५० जागांत बसतं. व्हॉट्सॲपला ही मर्यादा नाही, पण तिथेही उघडण्याआधी पहिली ओळच दिसते.

'नोंदणी करा' हेही काढा. दुकानदार नोंदणी करत नाही, तो माणसाला 'या' म्हणतो किंवा 'नको' म्हणतो. त्याला तेवढंच विचारा.

अनुस्वार
'दाखवू' मला चालेल. ते मराठीच आहे. माझा आक्षेप डेमोला होता.

मुग्धा_स
आज काकांना हा नवा मसुदा दिला :

'नमस्कार. तुमच्या दुकानाची उधारीची वही मोबाइलवर लिहायची सोय केली आहे. कुणाकडे किती येणं आहे ते लगेच दिसतं. पहिले तीन महिने पैसे नाहीत. दुपारी दुकानात येऊन दहा मिनिटांत दाखवतो. कधी आलो तर चालेल?'

या वेळी बँकेचं विचारलं नाही. विचारलं, "वही हरवली तर दुसरी घेतो. मोबाइल हरवला तर?" याचं उत्तर कंपनीकडून मागवलंय, कारण ते निरोपात असायला हवं असं वाटतं. 'येणं' त्यांना लगेच कळलं, पण त्यांच्या बारावीतल्या मुलाला नाही. तो म्हणाला, "कोण येणार आहे?" आणि ॲप तर मुलगाच वापरणार.

वारणाकाठ
'कुणाकडून किती यायचंय' करून बघा. तेच क्रियापद आहे, मुलालाही कळेल. वडील तर याला उचापतही म्हणायचे. पाठकोऱ्या कागदावर 'उचापत' असं शीर्षक घालून महिन्याचा माल लिहून ठेवायचे.

पदर_आणि_तराजू
उचापत? उचापती म्हणजे खोड्या ना?

वारणाकाठ
आता तोच अर्थ राहिलाय. पण उधारीवर दुकानातून माल उचलणे म्हणजे उचापत, हा जुना अर्थ आहे. आमच्याकडे उचापतीची वही वेगळी असायची.

जुनी_वही
म्हणजे उधारीवर माल नेणारे पुढे पैसे देताना खोड्या करायला लागले आणि अर्थ बदलला. हे अगदी जुळतं.

वारणाकाठ
ऐकायला जुळतं, पण पुरावा काय? उचलणे आणि उचापत यांचा संबंध आधी तपासायला हवा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे आजी 'मांडून ठेव' म्हणायची. "दोन पायल्या तांदूळ दे अन् मांडून ठेव." तुमच्याकडे म्हणतात का कुणी?

पदर_आणि_तराजू
माझी गिऱ्हाइकं 'लिहून ठेवा' म्हणतात. मांडून ठेव मी सासूबाईंकडून ऐकलंय, पण त्या लातूरच्या.