अनुभव धागा : मुलांच्या म्युझिक टीचरला चिनीत आभाराचा मेसेज कसा लिहिता?

शांघायची आई: मुलगा आठ वर्षांचा, पियानो शिकतो. जूनअखेर टर्म संपतेय आणि बाईंना वीचॅटवर चार ओळी पाठवायच्यात, त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. मला बोलायचं चिनी जमतं पण लिहायला बसलं की एकतर कोरडं होतं नाहीतर भाषण. तुम्ही काय लिहिलंत ते सांगा प्लीज.

पुणेकर_सुझौ: सोप्पंय, नेटवर चार-चार अक्षरांच्या म्हणी मिळतात, दोन टाकायच्या. शिक्षक म्हणजे जळणारी मेणबत्ती वगैरे. आणि 'नी' न लिहिता मानाचं 'निन' लिहायचं, हे मात्र विसरू नका.

नानजिंगचा जावई: 'निन'चं बरोबर आहे, पण म्हणी नकोत हो. माझी बायको इथलीच, लहान मुलांना गुझंग शिकवते. टर्म संपली की तिच्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज येऊन पडतात, ती सगळ्यांना 'आभार कसले, माझं कामच आहे' टाकून मोकळी होते. मेणबत्ती वगैरे तर निवृत्तीच्या भाषणात शोभतं, पंचविशीतल्या बाईंना वाचून अवघडल्यासारखं होतं. तिला लक्षात राहतात ते असे मेसेज ज्यात त्या मुलाचं काहीतरी असतं, म्हणजे आधी काय अडायचं आणि आता काय जमतं. तेवढी एकच ओळ खरी लिहा, बाकी सगळं ठरलेलंच असतं: आधी आडनाव आणि लाओशी, मग 'या टर्ममध्ये तुम्हाला खूप कष्ट पडले', मग मुलाबद्दल थोडा कमीपणा, मग ती खरी ओळ, शेवटी सुट्टीच्या शुभेच्छा. आणि खाली स्वतःचं नाव नाही, 'अमक्याची आई', कारण बाईंच्या फोनमध्ये तुम्ही बहुधा त्याच नावाने सेव्ह असता. मुलाचं काय अडायचं ते सांगा, बायकोला विचारून मसुदा देतो.

शांघायची आई: डावा हात आला की चिडायचा, बाकावरून उठूनच जायचा. आता हळू लयीत बसून करतो. घरी रियाजाला बस म्हणावं लागतं ते आहेच.

नानजिंगचा जावई: घ्या. आडनाव वांग धरलंय, मुलाचं नाव ईशान, बदलून घ्या.

```
王老师您好！这学期辛苦您了。
孩子练琴不够自觉，让您费心了。
以前他一弹左手就着急，现在肯慢慢练了，
这都是您耐心教出来的。
祝您暑假愉快！
伊尚妈妈
```

दुसऱ्या ओळीत म्हटलंय की पोरगं आपणहून रियाजाला बसत नाही, तुम्हाला त्रास झाला. तिसरी-चौथी तुमच्या डाव्या हाताची, म्हणजे ईशानच्या. याहून लांब नको, 'तुमचे उपकार डोंगराएवढे' तर अजिबात नको, वर्षभराच्या क्लासला ते फार होतं.

सिंगापूर_वैशाली: मला हे पोराला कमी लेखणं पटत नाही. माझी मुलगी बारा वर्षांची, चिनी माझ्यापेक्षा बरं वाचते आणि फोन तिच्याच हातात असतो. मी लिहिलं होतं की ती आळशी आहे, दोन दिवस बोलली नाही! आता मी फक्त 'तुम्ही धीर धरलात' एवढंच लिहिते.

नानजिंगचा जावई: आळशी कशाला लिहायचं, 'आपणहून बसत नाही' आणि 'आळशी' यात फरक आहे ना. पण मुलगी वाचणार असेल तर ती ओळ काढा, बाईंना काही वाटणार नाही. बायको म्हणते ठेवा, मी म्हणतो काढा, आमच्याच घरात एकमत नाही 😄

तैपेईकर: आमच्याकडे व्हायोलिन. तैवानात पाठवणार असाल तर वरचा मसुदा जुन्या, पारंपरिक अक्षरांत करून घ्या, कीबोर्डला सेटिंग असतं. शुभेच्छा सुट्टीप्रमाणे बदला, जानेवारीत टर्म संपते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिल्या तर हसतील.

अमोल_शेनझेन: लाल पाकिटात किती टाकायचे पण? आमच्या शाळेतल्या कॉयरच्या सरांना द्यायचं म्हणतोय.

नानजिंगचा जावई: अमोल, प्रश्न मेसेजचा आहे, पण शाळेतले सर असतील तर पाकीट नकोच. 2014 मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळाशिक्षकांनी पालकांकडून पैसे आणि भेटवस्तू घेण्यावर बंदी घातलीय, तुम्ही पाठवलंत तर ते बिचारे परत करत बसतील. मुलाने हाताने लिहिलेलं कार्ड चालतं.

पुणेकर_सुझौ: बरं, म्हणी रद्द. पण एक सांगतो, तो साधा हसरा इमोजी लावू नका, आपल्याला गोड वाटतो, इथे बरेच लोक त्याला टोमणा समजतात. गुलाबाचं फूल लावा.

शांघायची आई: फूल लावते. आणि क्लासच्या ग्रुपवर टाकायचा का वेगळा? ग्रुपवर एकाने 'लाओशी, कष्ट पडले' लिहिलं की सगळे तेच खाली चिकटवतात.

नानजिंगचा जावई: दोन्ही. ग्रुपवर सगळ्यांसारखी एक ओळ, नाहीतर तुम्हीच गप्प दिसता. हा मसुदा मात्र खाजगीत, शेवटचा क्लास झाला की त्याच संध्याकाळी. ग्रेड परीक्षेच्या निकालापर्यंत थांबू नका, मग आभार निकालाचे वाटतात.

सिंगापूर_वैशाली: आमच्या बाईंना इंग्रजी उत्तम येतं, तरी चिनीतच लिहावं का? इकडे कुणी म्हणतं छान वाटतं, कुणी म्हणतं उगाच शो.