मॅट्रिक्स म्हणतं ६७ टक्के. लिहायचं का?

मृगजळ: एमबीएच्या प्रोजेक्टसाठी होस्टेलमधल्या १०० जणांना महिन्याच्या अंतराने दोनदा विचारलं, "सध्या कुठलं कोल्ड्रिंक घेता?" पहिल्यांदा अ घेणारे ४०, ब घेणारे ६०. महिन्याने अ मधले ३६ तिथेच राहिले, ४ ब कडे गेले. ब मधले ४८ राहिले, १२ अ कडे आले. कोण किती टिकतं, किती बदलतं या प्रमाणांचं मॅट्रिक्स मांडून तीच प्रमाणं दर महिन्याला लावल्यावर अ चा हिस्सा ४० वरून ४८, मग ५३.६ असा चढत शेवटी ६६.७ टक्क्यांवर थांबतो. सर म्हणतात, हाच निष्कर्ष लिही. मला पटत नाही. तुम्ही लिहाल का?

पडवी: बिनधास्त लिहा. अ मधून दरमहा दहातला एक बाहेर पडतो, ब मधून पाचातला एक. म्हणजे अ ब च्या दुप्पट झाला की जाणारे आणि येणारे सारखे होतात आणि हिस्सा थांबतो. सुरुवात ४० पासून करा की ५ पासून, मुक्काम तोच. अंतरही ठरलेल्या चालीने मिटतं: दर महिन्याला आधीच्या अंतराच्या ७० टक्केच उरतं, म्हणजे दोन महिन्यांत निम्मी वाट संपते. एवढं सरळ उत्तर हातात असताना शंका कशाला?

रानवारा: "सुरुवात कुठूनही करा" हे मला मान्य नाही. जो आज मोठा तोच दुकानात पुढच्या फळीवर दिसतो, म्हणून तोच वाढतो.

उंबरठा: रानवारा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून वेगळीच गोष्ट निघते. मोठेपणामुळे ग्राहक खेचले जात असतील तर दर महिन्याला मॅट्रिक्सच बदलतंय, आणि पडवींचं सगळं गणित ते बदलत नाही या गृहीतावर उभं आहे. अमेरिकेत २३ एप्रिल १९८५ ला कोका-कोलाने जुनी चव बदलली आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला, ती परत आणत असल्याचं जाहीर केलं. त्या मार्चमध्ये कोणी कोक-पेप्सीचं मॅट्रिक्स मांडलं असतं, तर जूनमध्ये ते जुनं झालं असतं. जुनी चव 'क्लासिक' म्हणून परतल्यावर तर दोन रकान्यांत भागलंच नसतं, तिसरा काढावा लागला असता.

मृगजळ, तुमच्याकडे मात्र याहून साधी अडचण आहे. तुमचे ६६.७ टक्के त्या चार मुलांवर टांगलेले आहेत. चाराऐवजी दोघंच गेले असते तर उत्तर ८० टक्के आलं असतं. सहा गेले असते तर ५७. चाळिसात दोघांचा फरक हा निव्वळ योगायोगाने पडतो. पुढच्या महिन्याचा अंदाज त्याने सात-आठ टक्केच हलतो, शेवटचा आकडा मात्र वीस-पंचवीस टक्के. म्हणून ४८ नंतरचा ५३.६ लिहा, ६६.७ नको. मी ग्राहक-पॅनलच्या, म्हणजे त्याच ग्राहकांना पुन्हापुन्हा विचारून जमवलेल्या, आकड्यांवर बरीच वर्षं काम केलंय. लांबचा आकडा काम देणाऱ्या कंपनीला छातीठोकपणे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

पडवी: मग नमुना वाढवा. १०० ऐवजी २००० जणांना विचारा. दोष पद्धतीचा नाही.

खान्देशी: माझं कॉलेजच्या गेटसमोर दुकान आहे. मे महिन्यात अ ची गाडी आठ दिवस आली नाही. पोरांनी मुकाट ब घेतलं, क्रेट आल्यावर परत अ. तुम्ही त्या आठवड्यात विचारलं असतं तर सगळे "बदलले" असं लिहिलं असतं. फ्रीजमध्ये गार काय आहे ते बघा आधी.

उंबरठा: खान्देशी दादा, हे मूळ प्रश्नाचं उत्तर नाही, पण मृगजळ यांनी तपासावंच. आणि पडवी, नमुना वाढवून एक दोष जात नाही. समजा अ आणि ब चे ५०-५० ग्राहक आहेत. दोन्हीकडचे प्रत्येकी ३० जण कट्टर, कधीच न बदलणारे. उरलेले प्रत्येकी २० जण दर महिन्याला नाणं उडवून ठरवणारे. एका महिन्यात अ चे ४० टिकतील, म्हणजे ८० टक्के. मॅट्रिक्स म्हणेल, दोन महिन्यांनी ६८ टक्केच अ कडे दिसतील. प्रत्यक्षात तेव्हाही ८० टक्केच दिसतात, कारण कट्टर हललेच नाहीत. दोन लाख लोकांना विचारलं तरी ही तफावत राहील. ती पकडायचा मार्ग एकच: त्याच लोकांना तिसऱ्यांदा विचारा.

मृगजळ: तिसरी फेरी कालच झाली! सुरुवातीच्या ६० ब-वाल्यांपैकी मॅट्रिक्सप्रमाणे साधारण ४० ब कडे असायला हवे होते, निघाले ४५. अ च्या ४० पैकी ३४ अ कडे, तिथे अंदाज ३३ चा होता. एकूण अ ४९, ५३.६ नाही. कँटीनच्या फ्रीजमध्ये दोन्ही कायम होती, तेही विचारून आले.

उंबरठा: ब मध्ये कट्टर गट असावा असा वास येतोय.

पडवी: पाच मुलांवरून? वर तुम्हीच म्हणालात दोन-चार मुलं योगायोगाने इकडची तिकडे होतात.

उंबरठा: हो, ६० मध्ये पाचाचा फरक योगायोगानेही पडू शकतो, ते नाकारत नाही. मृगजळ, चौथ्या फेरीत प्रत्येकाची चारही उत्तरं एका ओळीत मांडा. चारही वेळा ब म्हणणारे मॅट्रिक्सप्रमाणे ३० ते ३१ निघायला हवेत.

रानवारा: आणि प्रत्येकाने महिन्यात किती बाटल्या प्यायल्या तेही लिहा. हिस्सा बाटल्यांवर मोजतात, डोक्यांवर नाही.